‘काय’ म्हणजे कोंबडी, ‘खाय’ म्हणजे अंडं: थाई मेन्यूकार्ड पहिल्यांदा हातात घेताना

माझी मावशी साताऱ्याची. ताटाच्या कडेला हिरवी मिरची नसेल तर तिला घास उतरत नाही. ती बँकॉकला माझ्याकडे आली तेव्हा पहिल्याच दुपारी मी तिला आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या टपरीवजा खाणावळीत नेलं. मी हात धुवायला गेलो तेवढ्यात मालकीणबाईंनी हसून तिला काहीतरी विचारलं, मावशीने हसून मान डोलावली, आणि थोड्या वेळाने समोर आलेल्या कच्च्या पपईच्या कोशिंबिरीचा दुसरा घास घेऊन ती डोळे मिटून बसली. "अरे, हे तिखट नाहीये, हे चावतंय!" एवढंच ती म्हणाली.

तिचं बरोबर होतं. आपलं बहुतेक तिखट म्हणजे वाळवलेली, कुटलेली मिरची. ती तेलात परतली जाते, रश्शात शिजते, खोबऱ्याकांद्यात मुरते. थाई कोशिंबिरीत आपल्या लवंगीसारखी बारीक मिरची कच्ची चेचून थेट लिंबाच्या रसात पडते. तिला थाई भाषेत ‘फ्रिक खी नू’ म्हणतात, शब्दशः उंदराच्या लेंड्यांची मिरची. आकार बघितलात की नाव पटतं. आणि मालकीणबाईंनी विचारलं होतं, "फेत माय?" म्हणजे तिखट करू का? मावशीने मान डोलावून हो म्हटलं होतं.

तेव्हापासून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी जेवायला नेण्याआधी एकच गोष्ट सांगतो. थाई पदार्थाचं नाव बहुधा तो कसा शिजवला हे सांगतं, आणि कसा शिजवला हे कळलं की त्यात मिरची कधी पडली हे कळतं. जिथे मिरची अजून पडायची आहे तिथेच तिखट कमी करून मागता येतं. जिथे ती सकाळीच वाटणात गेली आहे, तिथे कितीही गोड बोललात तरी उपयोग नाही, दुसरा पदार्थ मागवावा.

आधी उच्चार, कारण इथे आपल्याला आयतं भांडवल आहे

मेन्यूवर थाई नावं इंग्रजी अक्षरांत लिहिलेली असतात आणि तिथेच पहिला घोळ होतो. पीच्या पुढे एच दिसला की इंग्रजी शाळेच्या सवयीने आपण ओठ-दात लावून ‘फॅन’मधला फ म्हणतो. तो चुकीचा. इथला एच म्हणजे फक्त श्वासाचा जोर, आपल्या प आणि फ, त आणि थ, क आणि ख या जोड्यांत असतो तसाच. म्हणून ‘फणस’मधला फ म्हणा, ‘थाळी’मधला थ म्हणा, ‘खडा’मधला ख म्हणा. बऱ्याच युरोपीय पाहुण्यांची जीभ या फरकाशी झगडते. आपण तो बाराखडीत शिकलेलो असतो.

या फरकावर जेवण अवलंबून आहे. ‘काय’ म्हणजे कोंबडी आणि ‘खाय’ म्हणजे अंडं. (मराठी माणसाने गोंधळून "काय?" विचारलं तर चिकन येण्याची शक्यता असते, असा आमच्याकडचा जुना विनोद आहे.) ‘पेत’ म्हणजे बदक आणि ‘फेत’ म्हणजे तिखट. मेन्यूवर ‘कॅंग फेत पेत यांग’ अशी एक प्रसिद्ध करी असते, तिचा सरळ अर्थ ‘भाजलेल्या बदकाची तिखट करी’. एकाच नावात दोन्ही शब्द शेजारी शेजारी, सराव करायला याहून चांगलं वाक्य नाही.

दोन सावधगिऱ्या. थाई भाषेत सुरांनी अर्थ बदलतो आणि ते सूर चार दिवसांत येत नाहीत, पण खाणावळीत संदर्भ स्पष्ट असतो, त्यामुळे भागतं. दुसरं म्हणजे इंग्रजी स्पेलिंगला कुणी मालक नाही. एकच शब्द एका दुकानात पीने, दुसऱ्यात पीएचने, शेवटी कुठे टी तर कुठे डी लावून लिहिलेला दिसेल. आपल्याकडे ‘पॅड थाय’ म्हणून ओळखला जातो त्याचा मूळ उच्चार ‘फात थाय’ला जवळ आहे, आणि तोही आ आखूड ठेवून. कॅंग हा शब्द कुठे के तर कुठे जीने सुरू होईल. स्पेलिंग पाठ करू नका, शब्द ओठांत म्हणून बघा.

नाव फोडायचं कसं

एक पाटी घेऊ, बँकॉकच्या कुठल्याही साध्या खाणावळीत असणारी: ‘फात काफ्राव काय खाय दाव’. लांबलचक दिसते, पण आगगाडीसारखी आहे, डबे सुटे करा.

‘फात’ म्हणजे मोठ्या आचेवर कढईत भरभर परतलेलं. ‘काफ्राव’ म्हणजे कशासोबत परतलं ते, आणि ही वनस्पती म्हणजे चक्क आपली तुळस. जात तीच, आपल्याकडे अंगणात वृंदावनात, तिकडे लसणा-मिरचीबरोबर कढईत. ‘काय’ म्हणजे कोंबडी, हे आता ठाऊक झालं. ‘खाय दाव’ म्हणजे न फेटता तळलेलं अंडं, आपलं हाफ फ्राय, शब्दशः ‘तारा-अंडं’. शेवटी कधी ‘रात खाव’ असतं, म्हणजे भातावर घालून. तर झालं काय, तुळशीत परतलेलं चिकन, वर अंडं, खाली भात. क्रम बहुधा हाच राहतो: आधी कृती, मग चव किंवा मुख्य मसाला, मग मांस, शेवटी जोड.

मांसाच्या डब्यात बदलणारे शब्द थोडेच आहेत. मू म्हणजे डुक्कर, नुअ म्हणजे बीफ, प्ला म्हणजे मासा, कुंग म्हणजे कोळंबी, पू म्हणजे खेकडा, ताव हू म्हणजे टोफू. पुढे ‘साप’ लागलं तर घाबरू नका, ‘मू साप’ म्हणजे खिमा. ‘क्रॉप’ लागलं तर कुरकुरीत.

मिरची कधी पडते, त्यावरून चार घरं

आता कृतीचे शब्द. पुस्तकी यादी करायची तर वीस-पंचवीस निघतील. पण नवख्याला त्यांची चार घरं करून लक्षात ठेवणं सोपं जातं.

पहिलं घर कढईचं, म्हणजे ‘फात’. हे सगळं तुमच्या ऑर्डरनंतर, तुमच्यासमोर होतं. फात काफ्रावसाठी लसूण आणि मिरच्या एकत्र चेचून गरम तेलात टाकतात, त्या क्षणी पहिल्या टेबलापर्यंत ठसका येतो. तुमच्या ऑर्डरला तसा ठसका आला नाही तर समजा, तुमचं ऐकलं गेलं. इथे तिखट कमी करून मागणं अगदी रास्त आहे. एक अडचण तेवढी लक्षात असू द्या: दुपारच्या गर्दीत काही दुकानं लसूण-मिरची आधीच एकत्र चेचून डब्यात भरून ठेवतात. मग ‘कमी तिखट’ म्हणजे त्यातला चमचा लहान, इतकंच होतं. अगदी नकोच असेल तर ‘मिरची घालू नका’ असं स्पष्ट म्हणावं, म्हणजे बाई नुसता लसूण घेतात. त्यातूनही कढईला चिकटलेलं एखादं बी येतंच.

फातच्या पुढचा शब्द स्वभाव सांगतो. ‘फात सी इव’ म्हणजे सोया सॉसमधल्या रुंद नूडल्स, जात्याच सौम्य. ‘फात खिंग’ आल्याचं, सौम्य. ‘फात प्रियाव वान’ आंबटगोड. याउलट ‘फात फेत’ नावातच तिखट, आणि ‘फात खी माव’ म्हणजे ‘दारुड्याचं परतलेलं’, तेही झणझणीतच.

इथे एक फसवा शब्द आहे आणि त्याची गोष्ट मला फार आवडते. ‘फ्रिक’ म्हणजे मिरची. पण ‘क्राथियाम फ्रिक थाय’ असं दिसलं की पाहुणे दचकून पान उलटतात, आणि मेन्यूतला एक सर्वांत निरुपद्रवी पदार्थ हुकवतात. क्राथियाम म्हणजे लसूण आणि फ्रिक थाय म्हणजे मिरी! मिरची अमेरिकेतून आली, सोळाव्या शतकापासून पोर्तुगीजांच्या व्यापारातून या बाजूला पसरली. त्याआधी थायलंडच्या स्वयंपाकात तिखटपणा मिऱ्याचा होता. नव्या पाहुणीने ‘फ्रिक’ हे नाव बळकावलं आणि जुन्या मिऱ्याला ‘थाई फ्रिक’ म्हणून ओळख सांगावी लागली. आपण काय वेगळं केलं? मिरीवरूनच मिरची म्हणायला लागलो.

दुसरं घर वाटणाचं: ‘कॅंग’. आपण ज्याला थाई करी म्हणतो ती बहुतेक इथे येते. वाटण आधी तयार असतं, त्यात मिरच्या, गवती चहाचे देठ, गलांगल नावाचं आल्याच्या कुळातलं कंद, लसूण, छोटे कांदे आणि ‘कापी’ म्हणजे कोळंबीचं आंबवलेलं वाटण. करी तर अनेकदा सकाळीच मोठ्या पातेल्यात शिजून तयार असते. आपल्या खानावळीत बाराच्या सुमारास जाऊन "रस्सा जरा कमी तिखट करा" म्हणण्यासारखंच ते. वाढणारी बाई हसून हो म्हणेल आणि तोच रस्सा वाढेल. तिचा दोष नाही, तिला करण्यासारखं काही उरलेलं नसतं. फार तर जास्त भात घ्यावा.

म्हणून कॅंगमध्ये मागणी करायची नाही, निवड करायची. इथे रंगावर जाऊ नका. लाल म्हणजे धोका आणि हिरवी म्हणजे निवांत, हा समज घेऊन आलेले कितीतरी जण मी घाम पुसताना पाहिले आहेत. हिरव्या करीचं नाव ‘कॅंग खियाव वान’. खियाव म्हणजे हिरवा, वान म्हणजे गोड, पण इथे ‘गोड’ हे रंगाचं विशेषण मानतात, आपण फिकट, मऊ छटेला गोड रंग म्हणतो तसं. वाटणात ताज्या हिरव्या मिरच्या असतात आणि ती पुष्कळदा लाल करीपेक्षा जास्त चढते. लाल करी म्हणजे ‘कॅंग फेत’, वाळक्या मिरच्यांची. नाव तिखट असलं तरी नारळाच्या दुधाने सांभाळून घेतलेली.

ज्याला खरंच धाकधूक आहे त्याने ‘मासामान’पासून सुरुवात करावी. हा शब्द ‘मुसलमान’वरून आला असं मानलं जातं. दालचिनी, वेलची, लवंग, जायफळ, बटाटा, शेंगदाणे. पहिल्या घासाला आपल्या घरचा कुणी परदेशात भेटल्यासारखं वाटतं. ‘पिवळी’ म्हणून येणारी ‘कॅंग कारी’ही सौम्य. ‘फानॅंग’ घट्ट, किंचित गोडसर, मध्यम. आणि काहीच नको असेल तेव्हा एक जादूचा शब्द आहे, ‘कॅंग चुत’. चुत म्हणजे अळणी, सपक. टोफू, कोबी, खिम्याचे गोळे घातलेलं पारदर्शक सार, मिरची शून्य. लहान मुलांना, आजाऱ्यांना हेच देतात. शब्द कॅंग असूनही ही करी नाही, कारण थाई भाषेत कॅंग हा शब्द साराला आणि रश्शाला सारखाच लागतो.

दुसऱ्या टोकाला ‘कॅंग पा’, म्हणजे रानातली करी. यात नारळाचं दूध नसतं, त्यामुळे तिखटाला उशी नाही. ‘कॅंग सॉम’ आंबट आणि पातळ, तीही दुधाविना. दक्षिण थायलंडचं ‘खुआ क्लिंग’ हे वाटणात कोरडं परतलेलं मांस असतं आणि ‘कॅंग ताय प्ला’ माशाच्या आंबवलेल्या आतड्यांची. ही दोन्ही पहिल्या आठवड्यात मागवू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. मी स्वतः खुआ क्लिंगला सहा महिन्यांनी हात लावला आणि तरी अर्धी वाटी टाकली.

तिसरं घर खलबत्त्याचं आणि कोशिंबिरीचं. ‘ताम’ म्हणजे कुटणं. ‘सॉम ताम’ म्हणजे मावशीला चावलेली ती पपईची कोशिंबीर. ‘याम’ म्हणजे लिंबू, मासळीचा सॉस, साखर आणि कच्च्या मिरचीत कालवलेलं. ‘लाप’ म्हणजे खिम्याची कोशिंबीर, तिच्यात भाजलेल्या मिरचीची पूड आणि भाजून भरडलेले तांदूळ. या घरात तिखट सर्वांत नागडं असतं, कारण तेल नाही, नारळाचं दूध नाही. पण गंमत अशी की नेमकं मोजून मागता येतं ते इथेच.

सॉम ताम करणारी बाई उभट मातीच्या खलात आधी लसूण आणि मिरच्या टाकते, मग ताडगूळ, चवळीच्या शेंगा, टोमॅटो, लिंबू, मासळीचा सॉस, शेवटी किसलेली पपई. लाकडी दांड्याचा ‘पोक पोक’ आवाज सुरू झाला की मिरची चेचली गेली. त्याआधी बोलायचं. आणि मोघम ‘कमी तिखट’ बोलण्यापेक्षा संख्या सांगायची, थाई माणसंही तशीच सांगतात. मिरचीच्या नगाला ‘मेत’ म्हणतात. ‘फ्रिक मेत दियाव’ म्हणजे एकच मिरची. ‘सॉंग मेत’ दोन, ‘साम मेत’ तीन. पहिल्या वेळी एक सांगा. शून्य सांगितलं तरी अगदी शून्य येईल असं नाही, कारण आधीच्या गिऱ्हाइकाच्या पाच मिरच्यांचा रस खलाला लागलेला असतो. म्हणून डाव्या-उजव्या टेबलावर काय गेलं ते बघून ठेवलेलं बरं. आणखी एक, मागवताना ‘सॉम ताम थाय’ म्हणा. त्यात शेंगदाणे आणि सुकट असते. ‘प्ला रा’ घातलेली म्हणजे आंबवलेल्या माशाची, तिचा वास पहिल्या भेटीत झेपत नाही.

याममध्ये मिरचीचे तुकडे दिसतात, ते वेचून बाजूला करता येतात, पण रस उतरलेला असतोच.

चौथं घर सर्वांत निवांत, आणि त्यावर फार बोलण्यासारखं नाही. ‘थॉत’ म्हणजे तळलेलं, ‘यांग’ म्हणजे निखाऱ्यावर भाजलेलं, ‘पिंग’ काडीला लावून भाजलेलं, ‘नुंग’ वाफवलेलं, ‘ऑप’ झाकून भाजलेलं, ‘तुन’ मंद आचेवर शिजवलेलं. इथे तिखट बाहेर, वाटीत असतं. त्या चटणीला ‘नाम चिम’ म्हणतात. बुडवा किंवा बुडवू नका. अपवाद दोनच सांगतो: ‘प्ला नुंग मानाव’ हा वाफवलेला मासा लिंबू, लसूण आणि कच्च्या मिरचीच्या पाण्यात पोहत येतो, आणि ‘रात फ्रिक’ लिहिलेलं असेल तर चटणी वाटीत न येता थेट माशावर ओतून येते.

राहिला ‘तोम’, म्हणजे उकळलेलं. ‘तोम याम’ दोन घरांत पाय ठेवून आहे, उकळलेलं आणि शिवाय यामसारखं आंबट-तिखट. मिरच्या ठेचून वर तरंगत सोडलेल्या असतात, त्यामुळे कमी मागता येतं. ‘नाम साय’ म्हणजे पारदर्शक, ‘नाम खॉन’ म्हणजे दुधाळ. दुधाळ जरा सौम्य लागतं. ‘तोम खा काय’ नारळाच्या दुधातलं, आणखी मवाळ. दोन्हींत गवती चहाचे देठ, गलांगलच्या चकत्या, लिंबाच्या कुळातली पानं असतात. ती खायची नसतात. मावशी निमूटपणे लाकडासारखी चकती चावत होती आणि मला वाटलं तिला आवडलं. आपण आमटीतला कढीपत्ता बाजूला सारतो तसं सारायचं.

तोंड उघडून बोलायची वेळ

आता तिखटाच्या पायऱ्या. ‘माय फेत’, तिखट नको. ‘फेत नित नॉय’, अगदी थोडं. ‘फेत क्लांग’, मध्यम. ‘फेत माक’, भरपूर. वाक्याच्या शेवटी पुरुषाने ‘ख्राप’ आणि बाईने ‘खा’ जोडावं, ते आपल्या ‘हं’सारखं आदराचं शेपूट आहे. पण या पायऱ्यांचं माप त्यांचं आहे. ‘नित नॉय’ म्हणजे शून्य नव्हे, मिरची पडणारच. अगदी नको असेल तर ‘माय साय फ्रिक’, म्हणजे मिरची घालू नका. ‘माय फेत’ ही चव सांगते आणि चवीचा अंदाज प्रत्येकाचा वेगळा. ‘माय साय फ्रिक’ ही कृती सांगते, त्यात गफलतीला जागा कमी. मी पहिल्या दिवशी पाहुण्यांना हेच एक वाक्य पाठ करायला लावतो.

तुम्हाला बहुधा उलट प्रश्न येईल: "किन फेत दाय माय?" तिखट खाता येतं का? जमतं तर ‘दाय’, नाही तर ‘माय दाय’. शेवटचा ‘माय’ प्रश्नाचा आणि सुरुवातीचा ‘माय’ नकाराचा, सूर वेगळे आहेत, पण जागेवरून कळतं. आणि मान डोलावू नका. आपली ती तिरकी डोलणारी मान तिकडे हो म्हणूनच वाचली जाते, साक्षीदार मावशी आहे.

शाकाहारी मंडळींसाठी एकच शब्द इथे पुरे: ‘चे’. इंग्रजीत तो जे अक्षराने लिहिलेला दिसतो आणि दुकानावर पिवळ्या पताकेवर लाल थाई अक्षरांत रंगवलेला. यात मांस, मासे, अंडी, दूध तर नाहीच, लसूण-कांदाही नाही, त्यामुळे जैन पाहुण्यांनाही बराच उपयोगी. नुसतं ‘भाजी’ मागवलं तर मासळीचा सॉस किंवा कालवांचा सॉस येणार हे धरून चाला, आणि साध्या करीच्या वाटणात कापी असतेच. कोळंबीची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावं.

मावशीचं दुसरं जेवण

तीन दिवसांनी मावशी स्वतःच म्हणाली, "चल त्या बाईकडे, पण आज मी सांगणार." मालकीणबाईंना सगळे ‘पा’ म्हणतात, म्हणजे थोरली मावशी किंवा आत्या. मी मावशीला म्हटलं, "तू तिला पा म्हण, ती खूश होऊन जाईल." "ती माझ्याहून लहान दिसते रे," ती म्हणाली. मग ‘फी’वर सौदा झाला, म्हणजे ताई, अनोळखी बाईला तेही चालतं.

मी मेन्यू तिच्यापुढे धरला आणि काही बोललो नाही. तिने बोट ठेवत चार घरं धुंडाळली. चौथ्या घरातून ‘काय यांग’ घेतली, भाजलेली कोंबडी. तिच्यासोबत ‘खाव निआव’, चिकट भात, बोटांनी गोळा करून खायचा. वाटणाच्या घरातून करी न घेता ‘कॅंग चुत’ घेतलं, कारण तिच्या भाषेत "जिभेला एक ओली जागा पाहिजे". आणि मग शेवटी सरळ सॉम ताम थायवर बोट ठेवलं.

"मावशी, नको."

"गप रे," ती म्हणाली आणि बाईंकडे वळली. "फी, फ्रिक मेत दियाव, खा." एक बोटही वर केलं.

बाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग खलाकडे, आणि डब्यातून खरोखर एकच मिरची उचलून आम्हाला दाखवली. मग पोक पोक सुरू झालं. मावशीने पहिला घास घेतला, थांबली, नाकाने एक श्वास ओढला आणि चिकट भाताचा गोळा तोंडात टाकला. हे तिला मी सांगून ठेवलं होतं: आग पडली की पाणी पिऊ नये, मिरचीतलं तिखट पाण्यात विरघळत नाही, पाण्याने ते तोंडभर फिरतं. भात, ताटातला कच्चा कोबी, काकडी, किंवा दुधाळ थंड चहा, तिकडचा ‘छा येन’, यातलं काहीही चालतं. म्हणून तर सॉम तामच्या ताटात कोबीचा तुकडा येतो, तो सजावटीचा नसतो.

अर्धी कोशिंबीर संपल्यावर तिला टेबलावरचं चार वाट्यांचं पाळं दिसलं. साखर, मासळीचा सॉस, मिरचीची भरड आणि शिर्क्यात बुडवलेल्या मिरच्या. नूडल्सच्या दुकानात हे हटकून असतं आणि थाई माणूस त्यातून आपली चव जुळवतो. म्हणजे सौम्य मागवून तिखट हातांनी वाढवत नेण्याची सोय त्यांनी स्वतःसाठीच करून ठेवली आहे. मावशीने मिरचीच्या भरडीचा वास घेतला, अर्धा चमचा कॅंग चुतमध्ये टाकला, ढवळलं आणि एक घोट घेतला.

"हे जमेल," ती म्हणाली, "ही भाजलेली आहे." आणि आणखी अर्धा चमचा टाकला.